रशेसची वर्णनं लिहिलेली आहेत, तरी शॉट सापडत नाही. वर्णनातून टॅग कसे काढायचे?

कातळवाट

आमच्याकडे पालखी सोहळ्याचं 11 वर्षांचं फुटेज आहे. बहुतेक ज्ञानोबांच्या पालखीचं, थोडं तुकोबांच्या. प्रत्येक कार्डबरोबर लॉगिंग झालेलं आहे, म्हणजे क्लिपचं नाव आणि त्यापुढे मराठीत दोन-चार ओळींचं वर्णन. सगळं मिळून साधारण 6000 ओळींची एक स्प्रेडशीट झाली आहे. वर्णनं चांगली आहेत, लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिली आहेत. तरीही संकलक "विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, क्लोज" असं मागतो तेव्हा अर्धा दिवस शोधण्यात जातो. "पालखी" शोधलं तर जवळजवळ सगळीच शीट समोर येते आणि "विहीर" शोधलं तर तीनच ओळी.

नमुन्यादाखल एक वर्णन जसंच्या तसं देतो:

"दिवे घाट, सकाळी. दिंडी चढतेय, लांबून. मागे पुणं धुक्यात. म्हातारी कठड्यावर बसून पाणी पिते, मग उठते. पाऊस नाही. भोंग्यामुळे आवाज खराब. हडपसरला राहिलेला शॉट इथे मिळाला."

यातून कोणते टॅग काढावेत, किती काढावेत, कुठे साठवावेत? वर्णनं फेकून देऊन नव्याने लॉगिंग करणं शक्य नाही.

निळीशाई

हॅशटॅग 15 च्या वर टाकू नका. आणि मराठीबरोबर इंग्रजीतही टाका, म्हणजे लोकांना व्हिडिओ लवकर सापडतो. #वारी, #पंढरपूर हे तर हवेतच.

कातळवाट

@निळीशाई, हे प्रेक्षकांसाठी नाही. चढवलेल्या व्हिडिओचे हॅशटॅग नव्हेत, कपाटातल्या कच्च्या फुटेजचे टॅग विचारतोय. सगळ्या रशेसवर #वारी लावला तर तो कोणालाच वेगळा काढणार नाही.

मध्यरेषा

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या याच वाक्यात आहे. जो शब्द संग्रहातल्या बहुतेक क्लिपना लागू पडतो तो टॅग नव्हे. "पालखी", "वारी", "वारकरी" हे तिन्ही बाहेर काढा. सोहळा कोणता (ज्ञानोबा की तुकोबा) आणि वर्ष कोणतं हे फोल्डरच्या नावातून आपोआप घेता येतं, ते हाताने लिहायचं नाही.

आता तुमचं वर्णन घेऊ. त्यात एक शॉट नाही, दोन आहेत. लांबून घेतलेली दिंडी एक आणि पाणी पिणारी म्हातारी दुसरा. दोन्हींचे टॅग एकाच क्लिपवर टाकले, तर "मिड" आणि "दिंडी" असं मागणाऱ्याला ही क्लिप मिळेल आणि उघडल्यावर दिंडीचा मिड शॉट त्यात नसेल. म्हणून आधी ओळ फोडायची आणि प्रत्येक तुकड्याला टाइमकोड द्यायचा:

```
क्लिप     इन           आउट          टॅग
A004C012  07:12:40:00  07:13:55:00  ठिकाण:दिवे घाट; कोण:दिंडी; क्रिया:चढणे; शॉट:लाँग; हवा:धुकं; दिसतं:पुणे शहर; आवाज:खराब
A004C012  07:13:55:00  07:14:30:00  ठिकाण:दिवे घाट; कोण:वृद्ध स्त्री; क्रिया:पाणी पिणे; क्रिया:विश्रांती; शॉट:मिड; आवाज:खराब
```

प्रत्येक टॅगच्या आधी गटाचं नाव लावलं आहे. कुठे, कोण, काय करतंय, कसा शॉट, हवा कशी, आवाज कसा. गट सहा-सातच्या पुढे नेऊ नका. लॉगिंग करणाऱ्याने हे प्रश्न स्वतःला एकदा विचारायचे, उत्तर नसेल तो गट रिकामा सोडायचा. एका तुकड्याला 5 ते 9 टॅग पुरतात.

"ठिकाण" आणि "दिसतं" मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. पुणं मागे दिसतंय, कॅमेरा पुण्यात नाही. हे एकत्र केले की "पुणे" मागणाऱ्याला घाट मिळतो. हडपसरचा टॅग लागतच नाही, ते चित्रात नाही. आणि "पाऊस नाही" यातून चुकून "हवा:पाऊस" लागू देऊ नका.

दुसऱ्या तुकड्याच्या "मिड" बद्दल: वर्णनात शॉटचा आकार नाही, मी तो अंदाजाने लिहिला आहे. तुम्ही क्लिप पाहून लिहा. वर्णनात नसलेली गोष्ट टॅगमध्ये आली तर ती पाहूनच यायला हवी.

सुतारपक्षी

एवढं कशाला? फोल्डर नीट लावले की काम होतं. वर्ष / मुक्काम / दिवस / कॅमेरा. आमच्या लग्नाच्या शूटिंगला हेच करतो. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे फोल्डर. पाच मिनिटांत शॉट मिळतो.

मध्यरेषा

@सुतारपक्षी, लग्नात शोधणारा आणि शूट करणारा एकच असतो, आणि मागणी प्रसंगाचीच असते, म्हणून फोल्डर पुरतात. इथे मागणी "विहिरीवरच्या बायका" अशी आहे, आणि त्या सासवडच्या फोल्डरमध्ये असतील, वाल्ह्याच्या असतील, माळशिरसच्याही असतील. फोल्डर एका क्लिपला एकच जागा देतो. तुमची फोल्डरची रचना मात्र तशीच ठेवावी, वर्ष आणि मुक्काम त्यातूनच येतात.

धूळपाटी

"विहीर" शोधून तीनच ओळी का आल्या ते सांगतो. मराठीत नाम विभक्तीत गेलं की त्याचं अंगच बदलतं, नुसता शेवटी प्रत्यय चिकटत नाही. विहीर, पण विहिरीवर. पंढरपूर, पण पंढरपुरात. पाऊस, पण पावसात. देऊळ, पण देवळात. तुळस, पण तुळशीची. "विहीर" ही अक्षरं "विहिरीवर" मध्ये नाहीतच, मग शोधणारं यंत्र कुठून आणणार? "घाट" वाचतो, कारण "घाटात" मध्ये "घाट" तसाच असतो. त्यामुळे लोकांना वाटतं की शोध चालतोय, आणि दीर्घ ई-ऊ वाले शब्द गुपचूप गळतात.

म्हणून टॅग नेहमी मूळ रूपात, एकवचनात लिहायचा. क्रिया असेल तर "चढणे, बसणे, पिणे" अशी. आणि मूळ रूप कोणतं ते दर वेळी ठरवायचं नाही, एक तक्ता करायचा.

कातळवाट

हे पटलं. शीटमध्ये "विहिरी" शोधून पाहिलं, आणखी 41 ओळी आल्या. पण 6000 ओळी हाताने मूळ रूपात आणायच्या का?

धूळपाटी

ओळी नाहीत, शब्द. एवढ्या ओळींत वेगळे शब्द काही हजार निघतील, आणि त्यातले वारंवार येणारे काहीशे. आधी मोजणी करा:

```python
import re, csv, unicodedata
from collections import Counter
c = Counter()
with open("log.csv", encoding="utf-8-sig", newline="") as f:
    for r in csv.DictReader(f):
        t = unicodedata.normalize("NFC", r["वर्णन"])
        c.update(re.findall(r"[\u0900-\u0963\u0966-\u097F]+", t))
for w, n in c.most_common(600):
    print(n, w)
```

शब्द पकडायला `\w` वापरू नका. पायथनच्या `re` मध्ये `\w` ला काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटत नाहीत, तो शब्द मधेच तोडतो. म्हणून देवनागरीची हद्द सरळ लिहिली आहे. दंड वगळले आहेत.

ही यादी नव्या शीटमध्ये घ्या आणि शेजारी दोन रकाने करा, टॅग आणि गट. "विहिरीवर", "विहिरीत", "विहिरीजवळ" या तिन्हींपुढे "विहीर". "आणि", "मग", "एक" यांच्यापुढे रिकामं. 600 शब्दांचा तक्ता दोघं मिळून दीड-दोन दिवसांत भरतात. पुढे तो तक्ता प्रत्येक ओळीला लावला की कच्चे टॅग तयार.

उंबरठा

मोजणीत एक खोच राहिली आहे. "वाऱ्याने" मोजणीच्या यादीत दोन वेगळ्या ओळींत येईल, तो टंकणारे दोन असतील तर. दिसायला दोन्ही सारखेच.

धूळपाटी

एनएफसी केलंय ना वर. त्याने सारखे दिसणारे शब्द एक होतात.

उंबरठा

सगळे नाही. "ऱ" एका कोडचा असो की र आणि खालचा नुक्ता असा दोन कोडचा, ते एनएफसी एक करतं, इतपत बरोबर आहे. पण जुन्या कीबोर्डांवर ऱ्या वेगळ्या रीतीने टंकला जायचा. साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक, U+200D. एनएफसी त्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरमाला आहे. 11 वर्षांत टंकणारे आणि कीबोर्ड दोन्ही बदलले असणार, म्हणून हे नक्की निघेल. `normalize` च्या खाली, त्याच इंडेंटवर दोन ओळी घाला:

```python
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
t = t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
```

क्रम महत्त्वाचा. आधी जोडक काढून टाकला, तर "वाऱ्या" चा "वार्या" होतो, म्हणजे रफार वर जातो, आणि तो परत आणता येत नाही. हीच सफाई शोधाच्या चौकटीत टंकलेल्या शब्दालाही लावायची, नाहीतर टॅग नव्या रूपात आणि प्रश्न जुन्या रूपात, असं होईल.

धूळपाटी

मान्य. जोडक माझ्या लक्षातून सुटला होता. वरचा कोड वापरणाऱ्यांनी या दोन ओळी घालूनच वापरा.

पायवाट_12

"तक्ता प्रत्येक ओळीला लावला की कच्चे टॅग तयार" यातल्या "कच्चे" वर जोर द्या, नाहीतर घोळ होतो. शब्दापुढे टॅग लिहून मोकळं होता येत नाही, कारण एकच शब्द दोन गोष्टी सांगतो. वारीच्या फुटेजमधलं सगळ्यात त्रासदायक उदाहरण "माळ". तुळशीची माळ, झेंडूची माळ, आणि वारकरी ज्यावरून चालतात तो उघडा माळ. "माळावर" आलं तर जमीन हे नक्की, "माळा" आलं तर गळ्यातली, पण नुसतं "माळ" आलं की ओळ वाचावीच लागते. "तळ" तसाच. पालखीतळ, आणि विहिरीचा तळ. "वर" कधी दिशा असते, कधी नवरदेव, पण वारीत दुसरा येत नाही, म्हणून सोडून द्या.

असे शब्द तक्त्यात "पाहा" म्हणून खुणा करून ठेवायचे. यंत्राने त्यांना टॅग लावायचा नाही, फक्त ओळ बाजूला काढून द्यायची. 600 त 30-35 शब्द असे निघतात.

दुसरा गट आधी-नंतरचा. "रिंगणाआधी गर्दी" या ओळीत रिंगण नाही. "रिंगण संपल्यावर घोड्याच्या टापांची माती कपाळाला लावतात" यातही रिंगण नाही, पण हा शॉट फार मागितला जातो आणि त्याला स्वतःचा टॅग हवा. म्हणून ओळीत "नाही, नव्हता, आधी, नंतर, संपल्यावर, राहिला" यांपैकी काही असेल तर ती ओळ माणसाने पाहायची. तुमच्या नमुन्यात "नाही" आणि "राहिलेला" दोन्ही आहेत.

रिंगणालाही एकच टॅग पुरणार नाही. उभं आणि गोल वेगळे करा. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आणि सदाशिवनगरचं गोल रिंगण पडद्यावर पूर्ण वेगळी दिसतात. तुकोबांच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, ते तिसरं. "रिंगण" म्हणून मागितल्यावर तिन्ही मिळावीत, आणि "रिंगण, मेंढ्या" म्हटल्यावर तेवढंच.

कातळवाट

@पायवाट_12, टापांची माती आमच्याकडे चार तरी वर्षांची आहे आणि ती सगळी "रिंगण" शब्दाखाली पुरलेली आहे. वेगळा टॅग करतो.

एक अडचण. एसक्यूलाइटमध्ये टॅग भरून पूर्ण-मजकूर शोध लावून पाहिला. "वारी" शोधलं तर "वारा", "वीर", "विरोध" असलेल्या ओळीही आल्या. सफाई केली होती, जोडक नाहीत. माझंच काही चुकतंय का?

उंबरठा

तुमचं चुकत नाही. एफटीएस5 चा `unicode61` मुळातच अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार ही युनिकोडमध्ये अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत, म्हणून तो तिथे तोडतो. "वारी" चे त्याच्या लेखी दोन शब्द झाले, व आणि र. "वीर" चेही तेच, "वारा" चेही तेच, आणि "विरोध" व, र, ध असा असल्याने त्याच्या सुरुवातीला ते सापडतात. त्याला चिन्हंही शब्दात धरायला सांगायचं:

```sql
CREATE VIRTUAL TABLE shots USING fts5(
  clip, tin, tout, varnan, tags,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

जुनं कोष्टक पुसून हे नव्याने भरा. तोडण्याची रीत कोष्टक बनतानाच ठरते, नंतर बदलत नाही. तपासायला "वारी" आणि "वीर" एकेका ओळीत टाकून शोधा, एकच आली पाहिजे.

आणि शोधताना `ठिकाण:दिवे घाट` असं सरळ टंकू नका. तिथे विसर्गचिन्हासारखा कोलन म्हणजे रकान्याचं नाव असं तो समजतो आणि `no such column` म्हणतो. दुहेरी अवतरणात `"ठिकाण दिवे घाट"` लिहा.

निळीशाई

आधी मी प्रश्न चुकीचा समजले होते. आता एक खरा प्रश्न. हे सगळं रिझॉल्व्हच्या कीवर्डमध्ये भरलं तर स्मार्ट बिन आपोआप बनतात. वेगळा डेटाबेस कशाला?

टाइमकोड_25

बिन बनतात, आणि संकलन करताना त्यांचा खूप उपयोग आहे. पण ते कीवर्ड रिझॉल्व्हच्या प्रकल्पात राहतात, फाइलमध्ये नाही. दुसरा प्रकल्प उघडलात की क्लिप कोरी. म्हणून मूळ प्रत बाहेर ठेवायची, साधी सीएसव्ही सुद्धा चालेल, आणि प्रकल्पापुरते टॅग आत घ्यायचे. `File` मेनूत मेटाडेटा आयात करण्याची सोय आहे. ते आयात पूर्ण क्लिपला लागतं, तुकड्याला नाही, हे लक्षात ठेवा. तुकडे हवे असतील तर सबक्लिप किंवा मार्कर करावे लागतात.

टाइमकोडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण @मध्यरेषा यांचा सगळा तक्ता त्यावर उभा आहे. लॉगिंग प्रॉक्सीवर झालं असेल, तर प्रॉक्सीत मूळ टाइमकोड उतरला होता का ते आधी पाहा:

```
ffprobe -v error -show_entries stream_tags=timecode -of default=nw=1 A004C012.mov
```

मूळ फाइलला `TAG:timecode=07:12:05:10` सारखं काही येईल. प्रॉक्सीला काहीच आलं नाही, तर लॉगिंग करणाऱ्याला प्लेअरने शून्यापासूनची वेळ दाखवली होती. तशी नोंद ओळखू येते, इन 00:00 ने सुरू होतो. त्यात मूळ क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड मिळवायचा. 25 फ्रेमच्या फुटेजला ही बेरीज सरळ आहे, फक्त शेवटचे दोन अंक 24 च्या पुढे गेले की सेकंदात हातचा घ्यायचा. पाच-सहा क्लिपवर करून पाहा, मग सगळ्यांना लावा.

सुतारपक्षी

मग टॅग सरळ फाइलमध्येच का लिहू नयेत? एक्सएमपी असतो ना. फाइल कुठेही नेली तरी टॅग बरोबर जातात.

टाइमकोड_25

एमओव्ही आणि एमपी4 मध्ये लिहिता येतो, पण `exiftool` त्यासाठी अख्खी फाइल नव्याने लिहितं. 80 जीबीची क्लिप एका टॅगसाठी पुन्हा लिहायची, आणि चेकसम बदलला म्हणजे बॅकअपच्या दृष्टीने ती नवी फाइल झाली. एमएक्सएफमध्ये तर `exiftool` लिहितच नाही, फक्त वाचतं. कच्च्या फुटेजला हात लावू नये, शेजारी `.xmp` ठेवावी:

```
exiftool -sep ";" "-XMP-dc:Subject=ठिकाण:दिवे घाट;शॉट:लाँग" A004C012.xmp
```

यात दोन अडचणी आहेत. नाव `A004C012.xmp` ठेवलं आणि त्याच नावाची वेगळी आवाजाची `A004C012.wav` असेल, तर दोघींची एकच एक्सएमपी होते. काही प्रोग्राम `A004C012.mxf.xmp` असं नाव धरतात, तेव्हा तुमचा कोणता धरतो ते बघून एकच पद्धत ठेवा. आणि यातही टॅग पूर्ण क्लिपलाच लागतात. म्हणून मी एक्सएमपीकडे सीएसव्हीची दुसरी प्रत म्हणूनच बघतो.

सुतारपक्षी

चेकसमचं लक्षात नव्हतं. शेजारची फाइल बरी.

ओसरी

वेळ निघालीच आहे तर काकड आरतीचे शॉट तपासा. एमओव्हीतली `CreateDate` नियमाने यूटीसीत असायला हवी. काही कॅमेरे ती पाळतात, काही स्थानिक वेळ लिहून टाकतात. पाळणाऱ्या कॅमेऱ्यावर पहाटे 4:30 ला घेतलेला शॉट आदल्या दिवशी रात्री 11:00 चा दिसतो, आणि तारखेवरून मुक्काम काढत असाल तर तो आदल्या मुक्कामाला जातो. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक शॉट घ्या ज्यात घड्याळ दिसतंय, आणि फरक 5 तास 30 मिनिटं येतोय का बघा.

तारखेवरून प्रसंगही ठरवू नका. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला. "जुलैचा पहिला आठवडा" दोन वर्षांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. मुक्काम आणि प्रसंग हे टॅग म्हणूनच हवेत.

गोफण

सगळं तांत्रिक झालं, पण संकलक खरोखर काय मागतो? "भावुक चेहरा द्या", "थकवा दिसायला हवा", "आनंद". त्याचे टॅग कोणीच लिहिले नाहीत.

मध्यरेषा

मुद्दाम नाही लिहिले. "भावुक" एका लॉगिंग करणाऱ्याला दहा क्लिपमध्ये दिसतो, दुसऱ्याला शंभरात. डोळे पुसणे, हात जोडून डोळे मिटणे, कमरेवर हात ठेवून थांबणे, पाय चेपणे हे लिहा. भाव संकलक काढेल.

गोफण

मला हे पटत नाही. पादुकांपुढे उभी असलेली बाई, चेहऱ्यावर काहीच हालचाल नाही, तरी बघणाऱ्याला गलबलून येतं. तिला "उभी राहणे" लिहिलंत तर ती क्लिप जन्मात कोणाला सापडणार नाही. निदान "निवडक" म्हणून एक खूण असू दे, लॉगिंग करणाऱ्याच्या नावासकट.

पायवाट_12

नावासकट खूण ठेवली तर माझी हरकत नाही, कारण मग कोणाच्या नजरेने निवडलंय ते कळतं. "भाव:दुःख" असा गट मात्र उघडू नये.

गोफण

गट का उघडू नये हे अजून कोणी पटवलेलं नाही. असो.

ओसरी

"म्हातारी" चं "वृद्ध स्त्री" केलंत, ते बरोबर की नाही यावरही बोलायला हवं. वर्णनात "म्हातारी" राहू दे, तो लिहिणाऱ्याचा शब्द आहे. शोधणारा "आजी" टंकेल, "म्हातारी" टंकेल, "वृद्ध" टंकेल. तिन्ही शब्द एकाच टॅगकडे नेले पाहिजेत. "मृदंग" आणि "पखवाज" तसंच. टॅगला एक क्रमांक द्या, के014 असा काहीतरी, आणि क्लिपवर तोच साठवा. उद्या नाव बदललं तर एका ओळीत बदलेल, हजारो क्लिपना हात लागणार नाही. बाहेरच्या संकलकांसाठी इंग्रजी नावही त्याच ओळीत बसतं.

कातळवाट

तीन आठवड्यांनी परत आलोय. काय झालं ते लिहितो.

शब्दमोजणीतून 640 शब्द घेतले. त्यातून 187 टॅग उरले, 38 शब्द "पाहा" म्हणून बाजूला ठेवले. "वाऱ्या"-सारखे जोडकवाले शब्द पहिल्या चार वर्षांतच होते, पुढच्यांत एकही नाही. प्रॉक्सीवरच्या नोंदी दोन वर्षांच्या निघाल्या, तिथे टाइमकोड मिळवून घेतला. ओळी फोडायचं काम अजून चालू आहे, जवळजवळ निम्म्या झाल्या. ते काम हातानेच करावं लागतंय, वर्णनातलं "मग" हा शब्द तुकडा कुठे पडतो याची चांगली खूण ठरला.

तपासण्यासाठी संकलकाच्या जुन्या संदेशांतून 10 मागण्या उचलल्या, फोडून झालेल्या वर्षांतल्याच. 7 मिळाल्या, "विहिरीवरच्या बायका, क्लोज" धरून. 3 मिळाल्या नाहीत. एक "भेगाळलेले पाय", आमच्या वर्णनांत सगळीकडे "टाचा" लिहिलंय, तो समान शब्दांत घातला. दुसरी "रिकामा रस्ता, दिंडी गेल्यावर". तिला टॅगच नव्हता, कारण चित्रात कोणी नाही म्हणून लॉगिंग करणाऱ्यांनी "काही नाही" एवढंच लिहिलं होतं आणि आमच्या "नाही" च्या नियमाने ती ओळ बाजूला पडली होती. तिसरी गोफण यांची, "शांत चेहरा".

पायवाट_12

"काही नाही" वाल्या ओळी वेगळ्या काढून सगळ्या बघा. रिकामा रस्ता, पहाटेचा मोकळा तळ, उचललेल्या तंबूची जागा, असे शॉट संकलकाला दोन प्रसंग जोडायला लागतात. "कोण:कोणी नाही" असा टॅग करा, तो गट रिकामा सोडण्यापेक्षा वेगळा आहे. रिकामा गट म्हणजे पाहिलं नाही, आणि हा टॅग म्हणजे पाहिलं आणि चित्रात माणूस नाही.

कातळवाट

अशा 212 ओळी निघाल्या. आज त्यांच्यापासून सुरुवात करतो.

गोफण

आणि शांत चेहऱ्याचं?

मध्यरेषा

निवडक, नावासकट. त्यापुढे मी अजून जाणार नाही.